पाडवा, ईद आणि एकतीस मार्च

भवानी पेठेत आमचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुके, मिठाईच्या खोक्यांची वेष्टने ही वर्षभराची कामे. दसरा उलटला की मात्र मशीनवर दुसरे काही चढत नाही. कारखानदारांची, व्यापाऱ्यांची, डॉक्टरांची दिवाळीची शुभेच्छापत्रे आणि डायऱ्या, त्यानंतर नव्या वर्षाची कॅलेंडरे. थोडक्यात, दुसऱ्यांच्या शुभेच्छांवर आमचे घर चालते. तरीही स्वतःच्या गिऱ्हाइकांना शुभेच्छा पाठवताना आम्ही एकदा असा गोंधळ घातला की घरातली धाकटी सून, जी आमचा हिशेब सांभाळते, आजही त्यावरून आम्हाला चिडवते. तो गोंधळ इथे सांगतो आहोत. आपल्या वाचकांपैकी पुष्कळजणांचे दुकान, गॅरेज, क्लिनिक किंवा वर्कशॉप आहे आणि गिऱ्हाईक बहुतेक सर्व जातीधर्मांचे आहे. आमची चूक त्यांना उपयोगी पडावी.

२०२५ सालचा मार्च संपत होता. ३० तारखेला, रविवारी, गुढीपाडवा होता. रमजानचा महिना सरत आला होता आणि ३० च्या संध्याकाळी चंद्र दिसला तर सोमवारी ३१ ला ईद, असा अंदाज होता. तसेच झाले. आणि ३१ मार्च म्हणजे व्यापाऱ्याच्या लेखी वर्षाचा शेवटचा दिवस. येणी गोळा करायची, वह्या बंद करायच्या, जीएसटीचा ताळमेळ लावायचा. घरात शीरखुर्म्याचे दूध आटते आहे आणि दुकानात उधारीची यादी उघडी आहे, अशी ती संध्याकाळ होती.

आम्ही विचार केला की दोन सण लागून आले आहेत, तर एकाच संदेशात काम उरकू. आमच्या फोनमध्ये व्यापाराची सुमारे १६० नावे आहेत. मजकूर असा केला: ‘गुढीपाडवा व रमजान ईदच्या हार्दिक शुभेच्छा. आज आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस असल्याने मागील बाकी कृपया आजच जमा करावी.’ खाली छापखान्याचे चिन्ह, फोन नंबर आणि बँकेचा खाते क्रमांक. सोमवारी ईदगाहला निघण्याआधी व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्टवर टाकला आणि नमाजला गेलो.

परत आलो तेव्हा उत्तरे येऊन पडली होती.

पहिले उत्तर रविवार पेठेतल्या बोहरी आळीतल्या एका शेठजींचे होते. आमच्या अब्बांच्या वेळेपासून आम्ही त्यांची बिलबुके छापतो. त्यांनी लिहिले होते, ‘शुक्रिया भाई. आमची ईद काल झाली.’ इतकेच. रागाचा एक शब्द नव्हता, पण आम्हाला ते फार लागले. बोहरी आळीत आपण लहानपणापासून वावरतो, त्यांच्याकडून खिळे-बिजागऱ्या घेतो, आणि त्यांची ईद कधी असते हे आपण कधी विचारलेच नाही.

दाऊदी बोहरा समाज चंद्र पाहून महिना ठरवत नाही. त्यांचे मिस्री कॅलेंडर हिशेबाचे आहे. त्यात महिने आलटून पालटून ३० आणि २९ दिवसांचे येतात आणि रमजान नेहमी ३० दिवसांचा असतो. त्यामुळे त्यांची ईद कधी येणार हे कितीतरी आधी सांगता येते, आणि ती आपल्यापेक्षा सहसा एखाद-दोन दिवस अलीकडे पडते. २०२५ मध्ये ती ३० मार्चला आली, म्हणजे नेमकी पाडव्याच्या दिवशी. त्या रविवारी पुण्यात एका पेठेत गुढ्या उभ्या होत्या आणि शेजारच्या गल्लीत ईद चालू होती. आम्ही मात्र दोघांनाही सोमवारी, सण उलटल्यावर, शुभेच्छा दिल्या.

तेव्हापासून आम्ही छापखान्यातल्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर फार विसंबत नाही. १९७३ पासून निघणारे हे कॅलेंडर महाराष्ट्रात घराघरात आहे, त्यात हिंदूंबरोबर मुसलमान, ख्रिश्चन, पारशी, जैन सर्वांचे सण दिलेले असतात, आणि आम्ही स्वतः त्याच्याखाली दुकानदारांच्या नावाच्या पट्ट्या छापून देतो. पण ईदची छापील तारीख हा अंदाज असतो आणि प्रत्येक जमातीची तारीख त्यात मिळेलच असे नाही. दिवाळीचेही तसेच. २०२५ ला महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला झाले, तर उत्तरेकडे बहुतेक ठिकाणी दिवाळी २० लाच साजरी झाली. आमचा एक कागदपुरवठादार दिल्लीचा आहे. त्याला पुण्याच्या तारखेने शुभेच्छा गेल्या असत्या तर त्या शिळ्याच झाल्या असत्या. यावर सोपा उपाय म्हणजे विचारणे. ‘शेठ, यंदा तुमच्याकडे कोणता दिवस?’ या प्रश्नाचा राग आलेला माणूस आम्ही अजून पाहिला नाही. उलट पुढची पाच मिनिटे तो आपल्या घरच्या सणाबद्दल बोलतो.

दुसरे उत्तर हडपसरच्या एका कारखान्याच्या मालकांचे होते. आम्ही त्यांना दादा म्हणतो. त्यांनी तासाभरात पैसे भरले आणि मग फोन केला. म्हणाले, ‘भाई, पैसे पाठवलेत. ईद मुबारक. पण एक सांगू का? शुभेच्छा आणि तगादा एकाच ताटात वाढू नका. वाचताना मला कळेना, तुम्ही मला सणाचं बोलवताय की हिशेबाला.’

आम्ही वरमलो. त्यांचे म्हणणे शंभर टक्के खरे होते. शुभेच्छांच्या संदेशात उधारी आली, नवा दर आला, ‘सणानिमित्त दहा टक्के सूट’ आली, की त्या शुभेच्छा राहत नाहीत. वाचणाऱ्याला तेवढेच दिसते आणि वरची ओळ ही त्यासाठीची प्रस्तावना होती असे वाटते. सूट द्यायला हरकत नाही, जाहिरात करायलाही नाही, पण ती वेगळ्या दिवशी, वेगळ्या कागदावर. आता आम्ही तगाद्याचा संदेश २० मार्चच्या सुमारास पाठवतो. त्यात बिल क्रमांक, तारीख, रक्कम असते आणि सणाचे नाव नसते. आणि सणाच्या संदेशात बँकेचे खाते सोडाच, फोन नंबरही टाकत नाही. ज्याच्या फोनमध्ये आमचे नाव आहे, त्याला नंबर कशाला हवा?

इथे एक छोटी तांत्रिक गोष्टही कळली. त्या १६० लोकांपैकी बऱ्याच जणांना आमचा संदेश पोचलाच नव्हता. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ नावे बसतात, पण ज्याने आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवलेला असतो त्यालाच तो संदेश जातो. नवीन गिऱ्हाईक, मोठ्या कंपनीतला खरेदी अधिकारी, यांनी आपला नंबर साठवलेला असेलच असे नाही. म्हणजे ज्यांच्याशी नाते नव्याने जोडायचे होते, नेमके तेच सुटले. हे टाळायला काहीजण सर्वांचा एक ग्रुप करतात. तसे कधी करू नये. एका गिऱ्हाइकाचा नंबर दुसऱ्याच्या हाती लागतो, कोण कोणाकडून छापून घेतो हे सगळ्यांना कळते, आणि मग दोनशे लोकांचे हात जोडलेले पिवळे अंगठे दिवसभर टणटण वाजत राहतात.

तिसरे उत्तर आलेच नाही, आणि तेच सर्वांत जड होते. कसबा पेठेतले एक जुने प्रकाशक, आम्ही त्यांना काका म्हणतो, त्यांच्या घरी फेब्रुवारीत मोठ्या मुलाचे निधन झाले होते. आम्ही तेव्हा जाऊनही आलो होतो. घरात माणूस गेल्यावर ते वर्ष पुष्कळ मराठी घरांत सण साजरा करत नाहीत, गोडधोड करत नाहीत, गुढी उभारत नाहीत. आणि आमच्या ब्रॉडकास्टने त्यांच्या हाती गुढीचे रंगीत चित्र आणि ‘हार्दिक शुभेच्छा’ दिल्या, वर बाकी मागितली. यादीला दुःख कळत नाही. यादी ठेवणाऱ्याला कळायला हवे होते. आम्ही ईदच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पाणी दिले, छपाईच्या पुढच्या कामाबद्दल बोलले, संदेशाचा उल्लेखही केला नाही.

त्यानंतर सूनबाईने एक वही केली. साधी लांबट खतावणी, जिच्यात पूर्वी उधारी लिहायचे तसली. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक ओळ. नाव, दुकान, कोणत्या भाषेत बोलतात, घरी कोणता सण मोठा, खाण्यात काय चालत नाही, आणि शेवटचा रकाना ‘यंदा’. त्या रकान्यात ‘यंदा सण नाही’ असे लिहिले असेल, तर तिथे रंगीत काही जात नाही. सणाच्या आधी चार दिवस आमच्यापैकी कोणीतरी नुसता फोन करतो, ‘काका, कसे आहात?’ सणाचा विषय ते काढतील तर निघेल. आपल्याकडेही हे असतेच. एखाद्या घरी पहिली ईद माणसाशिवाय येते, बाई इद्दतमध्ये असते, आणि बाहेरून चमकीचे ‘ईद मुबारक’ येत राहते. जे आपल्याला खुपते ते दुसऱ्यालाही खुपते.

वही भरताना आम्ही एक नियम केला: नावावरून ओळखायचे नाही. महाराष्ट्रात आडनावाने फसायला होते. इनामदार, देशमुख, पाटील, चौधरी ही आडनावे हिंदूंतही आहेत आणि मुसलमानांतही. पटेल तर गुजराती हिंदू असतील, मुसलमान असतील किंवा पारशीही असतील. आमच्या एका नातेवाइकाला, आडनाव देशमुख, दर वर्षी एका विमा एजंटाकडून सत्यनारायणाचे आमंत्रण येते. ते बिचारे जाऊनही येतात आणि प्रसादाचा शिरा छान असतो असे सांगतात. पण व्यापारात असे अंदाज नकोत. आणि समोरच्याचा धर्म कळला तरी तो सण पाळतोच असेही नाही. म्हणून सूनबाई धर्म असा रकाना ठेवतच नाही. ‘घरी कोणता सण मोठा’ एवढेच लिहिते, आणि तेही गप्पांत सहज कळले तरच. कळले नाही तर रकाना रिकामा.

रिकाम्या रकान्याचे काय करायचे? मोठ्या कंपन्या अशा वेळी ‘सणासुदीच्या शुभेच्छा’ असे गुळमुळीत लिहितात, म्हणजे कोणाला खटकायला नको. आमचे मत वेगळे आहे. पुण्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिवाळी असते हे सर्वांनाच माहीत आहे. कारखाने बंद होतात, बोनस वाटतात, आमच्याही कामगारांना सुट्टी असते. ‘दिवाळीच्या शुभेच्छा’ म्हटल्याने कुणा ख्रिश्चनाला किंवा मुसलमानाला वाईट वाटत नाही. उलट नाव गाळले की आपण ते मुद्दाम गाळले असे हिंदू गिऱ्हाइकाला वाटते. २०२१ च्या ऑक्टोबरात फॅबइंडियाने आपल्या कपड्यांच्या मालिकेला ‘जश्न-ए-रिवाज’ नाव दिले आणि समाजमाध्यमांवर एवढा गदारोळ झाला की कंपनीला ती जाहिरात मागे घ्यावी लागली. ती दिवाळीची मालिका नाहीच, असा खुलासाही तिने केला. त्या गदारोळात उर्दूवर जो राग काढला गेला तो आम्हाला पटला नाही. पण छापणारा म्हणून एक गोष्ट लक्षात राहिली: ज्याचा सण आहे त्याच्या तोंडी सणाचे जे नाव असते, तेच कागदावर असावे. मजा अशी की गुजराती व्यापाऱ्याला दिवाळीच्या पाडव्याला शुभेच्छा द्यायच्या तर शब्द ‘साल मुबारक’च आहेत. तिथे आपली अरबी आपोआप कामाला येते. मराठी माणसाचे नवे वर्ष चैत्रात, गुजराती व्यापाऱ्याचे कार्तिकात. हा फरक वहीत असतो.

आता शब्दांकडे येतो. अनेक मुसलमान व्यापाऱ्यांना प्रश्न पडतो की दुसऱ्याच्या सणाला नेमके काय लिहावे. याबद्दल घराघरात वेगवेगळी मते आहेत आणि इथे त्या वादात आम्हाला शिरायचे नाही. आमच्या घरात अब्बांनी घालून दिलेली रीत आहे: पूजेबद्दल बोलायचे नाही, माणसाबद्दल बोलायचे. देवी तुमच्यावर प्रसन्न होवो असे आम्ही लिहिले तर ते आमच्या तोंडी उसने वाटेल, आणि वाचणाऱ्यालाही ते कळेल. पण तुमच्या घरी सुख, आरोग्य आणि बरकत राहो, हे आम्ही मनापासून म्हणू शकतो, कारण तीच आमची दुआ असते. २०२५ च्या दिवाळीला आम्ही हडपसरच्या दादांना लिहिले:

‘दादा, दिवाळीच्या शुभेच्छा. यंदा तुमच्या नव्या शेडचे काम पूर्ण झाले, ते पाहून आम्हालाही आनंद झाला. वहिनींना, आईंना आणि मुलांना आमच्या घरातल्या सर्वांकडून नमस्कार. हे वर्ष सर्वांना आरोग्याचे जावो.’

तीन-चार वाक्ये. त्यात एक गोष्ट अशी आहे जी फक्त त्यांनाच लागू पडते, ती म्हणजे नवी शेड. तेवढ्याने संदेश यादीतून आलेला वाटत नाही. १६० जणांना असे लिहिणे शक्य नाही हे कबूल. आम्ही साधारण ४० जणांना हाताने लिहितो, बाकीच्यांना नाव घालून दोन ओळी जातात. पण खाजगीपणालाही हद्द असते. घरातले आजारपण, मुलीचे ठरलेले लग्न, नव्या कर्जाची गोष्ट यातले काही शुभेच्छांत लिहू नये. फोन दुकानातल्या गल्ल्याशेजारी पडलेला असतो आणि तो दुसरेही वाचतात. मोठ्या कंपनीतल्या अधिकाऱ्याला तर ‘वहिनींना नमस्कार’ही नको. त्यांना ‘आपणास व आपल्या सहकाऱ्यांना दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा’ पुरते.

काही दिवस असे असतात की तिथे ‘शुभेच्छा’ हा शब्दच चालत नाही. आशुऱ्याला ‘हॅपी मोहरम’ असे संदेश दर वर्षी येतात. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण तो दिवस करबलाच्या शोकाचा आहे आणि शिया, बोहरा घरांत तर त्या दिवसांत अनेक दुकानेही बंद असतात. गुड फ्रायडेचे नाव ऐकून ‘हॅपी’ जोडणारेही आहेत. ख्रिश्चनांसाठी तो येशूला क्रुसावर चढवल्याचा दिवस आहे, आनंदाचा दिवस त्यानंतरचा रविवार, ईस्टर. पारशांच्या पतेतीचेही असेच. पतेती हा वर्षाचा शेवटचा दिवस, झाल्या चुकांची कबुली देण्याचा. शुभेच्छा द्यायच्या त्या दुसऱ्या दिवशीच्या नवरोजला. कॅम्पातल्या एका पारशी बाईंनी आम्हाला हे हसत हसत सांगितले होते, आणि त्याआधी दहा वर्षे आम्ही त्यांना ‘हॅपी पतेती’च म्हणत आलो होतो. जैन व्यापाऱ्यांकडून पर्युषणाच्या शेवटी ‘मिच्छामि दुक्कडम्’ येते. ती क्षमायाचना आहे. तिला ‘सेम टू यू’ म्हणू नये. ‘आमच्याकडूनही काही चुकले असेल तर क्षमा असावी’ असे उत्तर द्यावे. आणि आपल्याला कोणी चुकून ‘हॅपी मोहरम’ म्हटले, तर दुरुस्ती करण्याची घाई नको. ‘आठवण ठेवलीत, धन्यवाद’ एवढे बस. पुढे कधी चहा पिताना सांगता येते.

छापील कार्डाबद्दल दोन शब्द, कारण तो आमचा धंदा आहे. पूर्वी गिऱ्हाईक दिवाळीच्या कार्डावर लक्ष्मी-गणपती मागायचे. आता जाणते लोक स्वतःच सांगतात की देव नको. कारण कार्ड आठवड्याने रद्दीत जाते. देवाचे चित्र रद्दीत टाकवत नाही, पायदळी आलेले पाहवत नाही, मग ते खोके भरून माळ्यावर साठते. पणती, आकाशकंदील, रांगोळी, झेंडूचे तोरण यांना ती अडचण नाही. आपल्याकडे हेच कुरआनच्या आयतीचे आहे. जुन्या लग्नपत्रिकांवर बिस्मिल्लाऐवजी ७८६ छापायची पद्धत याच काळजीतून पडली. तरीही ईदला मिठाईच्या खोक्यावर आयत छापून मागणारे भेटतात. आम्ही त्यांना विचारतो, ‘शीरमाल संपल्यावर हे खोके कुठे जाणार?’ मग ते स्वतःच चंद्रकोर किंवा कंदील निवडतात. दोन्हीकडचे आदबीचे कारण एकच आहे, हे आम्हाला कागदाच्या धंद्यामुळे कळले.

मुद्रितशोधनातही शुभेच्छांचा जीव जातो. ‘दिवाळी’तला दि ऱ्हस्व आणि ‘दीपावली’तला दी दीर्घ. निम्म्या कार्डांवर हे उलटे असते. ‘इद’ नव्हे, ‘ईद’. ‘गुडी’ नव्हे, ‘गुढी’. पण सर्वांत वाईट गत उर्दूची होते. हौसेने ‘ईद मुबारक’ उर्दू लिपीत टाकायला सांगतात, आणि ज्या सॉफ्टवेअरला ती लिपी नीट हाताळता येत नाही त्यात अक्षरे सुटी पडतात आणि डावीकडून उजवीकडे उलटी मांडली जातात. उर्दू न जाणणाऱ्याला ते सुंदर नक्षीकाम वाटते. जाणणाऱ्याला मात्र ते ‘क र ा ब ु म’ असे दिसते. एका कंपनीने आपल्या मुसलमान वितरकांसाठी दुसरीकडून असे कार्ड छापून घेतले होते आणि उरलेला गठ्ठा आमच्याकडे रद्दी म्हणून आला. खर्च झाला, हेतू चांगला होता, आणि घेणाऱ्याला मात्र वाटले असणार की हे कोणी वाचूनही पाहिले नाही. ओळखायची खूण सोपी आहे: उर्दू छापील मजकुरात अक्षरे एकमेकांना जोडलेली असतात. सगळीच सुटी दिसली तर छपाई थांबवावी आणि एखाद्या उर्दू वाचणाऱ्याला दाखवावे. नाहीतर सरळ देवनागरीत छापावे. त्यात कमीपणा काही नाही.

खोक्यात काय घालायचे हा वेगळा मोठा विषय आहे. त्यातले एवढेच सांगतो की सुकामेवा बहुतेक सर्व घरांत चालतो. जैन घरी कंदमुळे चालत नाहीत, म्हणून बटाट्याच्या वेफर्सचे पाकीट नको. नव्या वर्षाच्या परदेशी चॉकलेटांत कधी दारूचा अर्क किंवा जिलेटिन असते, ते लेबल वाचून घ्यावे. पोचवायचे ते धनत्रयोदशीच्या चार-पाच दिवस आधी, कारण एकदा चाकण-पिंपरीकडचे कारखाने बंद झाले की खोके गेटवरच्या चौकीत पडून राहते. सरकारी कार्यालयात तर खोके नेऊच नये. तिथे शब्द पुरेसे आहेत, आणि आपल्या कामाची फाइल टेबलावर असताना तर शब्दही बेताने. पुण्यातल्या अनेक मोठ्या कंपन्या दिवाळीआधी पुरवठादारांना कळवतात की आमच्या लोकांना भेटी पाठवू नका. ते पत्र औपचारिक नसते. तरीही खोके गेले तर ज्या अधिकाऱ्याला आपण खूश करायला निघालो, त्यालाच ते परत करून लेखी नोंद करावी लागते.

हिशेबाची बाजूही पाहून ठेवावी. भेट म्हणून फुकट दिलेल्या मालावर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही. आणि १ जुलै २०२२ पासूनचा नियम असा की धंद्याच्या नात्याने एकाच व्यक्तीला वर्षभरात २०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीचे लाभ दिले तर त्यावर १० टक्के कर कापून भरावा लागतो. आदल्या वर्षी ज्यांची उलाढाल एक कोटीच्या आत होती अशा एकट्या व्यक्तीच्या धंद्याला यातून सूट आहे, पण भागीदारी पेढीला ती नाही. तेव्हा सोन्याचे नाणे देण्याआधी आपल्या सीएला एक फोन करावा. आमची मजल अर्धा किलो खजूर-बदामापलीकडे जात नाही, म्हणून आम्ही निर्धास्त आहोत.

यंदाच्या दिवाळीचे आमचे काम वहीप्रमाणे झाले. दिल्लीच्या पुरवठादाराला २० ऑक्टोबरच्या सकाळी, पुणेकरांना धनत्रयोदशीपासून लक्ष्मीपूजनाच्या दुपारपर्यंत, गुजराती शेठना पाडव्याला. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कोणालाच नाही, कारण त्या वेळी दुकानात पूजा चालू असते आणि फोनवर शेकडो संदेश साचलेले असतात. कसबा पेठेतल्या काकांच्या ओळीत ‘यंदा सण नाही’ होते. आम्ही वसुबारसेच्या आदल्या दिवशी फोन केला. बराच वेळ ते नव्या पुस्तकाच्या कागदाबद्दल बोलले. फोन ठेवताना म्हणाले, ‘तुमच्याकडे ईद कधी पुढची? मार्चमध्येच ना? मागच्या खेपेला तुम्ही आलात आणि मी तुम्हाला ईदचं काहीच म्हटलं नाही.’

सूनबाईने वही उघडली आणि त्यांच्या ओळीत, शेवटच्या रकान्याच्याही पलीकडे, समासात लिहिले: ‘ईदच्या दुसऱ्या दिवशी शीरखुर्मा घेऊन जाणे. साखर कमी.’